सहा ते सात

“हे वाचून मला वाटलं, नवऱ्याला मानपत्र द्यायचा कार्यक्रम आहे,” वकीलबाई म्हणाल्या आणि चार पानांचं पत्र त्यांनी टेबलावरून तिच्याकडे परत सरकवलं. “‘स्वभावाने थोडे तापट, पण मनाने निर्मळ.’ अहो बाई, मनाने निर्मळ माणूस पोरीला शाळेतून परस्पर उचलून परगावी भावाकडे नेऊन ठेवतो होय?”

कोपऱ्यात बसलेले टायपिस्ट काका हसले आणि हसू खोकल्यात लपवलं.

तिने पानं उचलली, कडा जुळवल्या, मांडीवर ठेवली. रुग्णालयाच्या धुलाईघरात बारा वर्षं फाटक्या चादरी शिवणारे हात होते ते. समोर काही आलं की आधी त्याच्या कडा जुळवायचे.

“मी कुणाची निंदा करत नाही, मॅडम,” ती म्हणाली. आवाज इतका हळू की वकीलबाईंना पुढे वाकावं लागलं. “रोज सकाळी तसं म्हणते आणि मग दिवस सुरू करते. आता एवढ्यासाठी नेम कसा मोडू?”

“एवढ्यासाठी?” वकीलबाईंनी चष्मा काढला. रागावतील असं वाटलं होतं, पण नाही रागावल्या. “हे बघा. ‘तो क्रूर आहे’ ही निंदा. ती मला नकोच, कोर्टालाही नको. रोज ढिगाने येते तिथे. पण अमुक तारखेला, अमुक वाजता, मुलीला असं असं केलं, ही हकीकत. हकीकत सांगितल्याने कुणाचा नेम मोडत नाही. असं काही घडलंय का?”

तिने मांडीवरच्या पानांच्या कडा पुन्हा जुळवल्या.

“रडते म्हणून जिन्यात उभी केली पोरीला, आतून कडी लावली. सत्तेचाळीस मिनिटं,” मग म्हणाली. “ते घड्याळ लावून बसले होते.”

टायपिस्ट काकांच्या बोटांखालचा खडखडाट थांबला.

“हे या चार पानांत कुठे आहे?”

“दुसऱ्या पानावर. ‘घरात कधीकधी अशांतता असे’, त्याच्यात.”

वकीलबाईंनी कोरा कागद ओढून भराभर लिहिलं. लग्न कधी, कुठे नोंदलं. मूल कधी झालं. पळवून नेण्याआधी मुलगी नेहमी कुठे राहत होती, कारण त्यावरच कुठल्या कोर्टात जायचं ते ठरतं. तिला उठवतं कोण, शाळेत सोडतं कोण, ताप आल्यावर रजा टाकतं कोण. प्रत्येक गोष्टीला तारीख. नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा, पण ठोकून देऊ नका. स्वतः पाहिलेलं वेगळं, ऐकीव वेगळं. कोण हजर होतं. कागद कुठला. नवऱ्याचे निरोप फोनमध्ये असतील तर एकही पुसायचा नाही, शिवीगाळ असली तरी. तुम्ही कामावर असताना मुलीजवळ कोण थांबेल. आणि बापाला मुलगी कधी, किती भेटू द्याल.

“ते मी लिहिलंय,” ती घाईने म्हणाली. “दर शनिवार-रविवार. आणि सुट्टीतले निम्मे दिवस. तिला बाबा लागतात.”

“तेवढं एकच लिहिलंय तुम्ही कामाचं. बापाला उपटून टाकायला निघालेल्या बाईला कोर्ट सहसा झुकतं माप देत नाही.” वकीलबाईंनी कागद तिच्या हातात दिला. “आणि शेवटची गोष्ट. तुमच्या विरुद्ध जाईल असं जे काही असेल, ते मला सगळ्यात आधी सांगायचं. मला सांगितलेलं माझ्यापाशी राहतं. त्यांच्या वकिलाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, तर मात्र मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. आहे काही असं?”

“बघते,” ती म्हणाली.

ज्याला काही नसतं तो ‘नाही’ म्हणतो, हे वकीलबाईंना ठाऊक होतं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

*

लिहायला तिला एकच वेळ होती, सकाळी सहा ते सात. ही तिची मौनाची वेळ. सात वर्षं एकही दिवस चुकला नव्हता. तापात नाही, सासरे गेले त्या सकाळी नाही. सासरी त्यावरून तिचं नावच पडलं होतं, मुकी. “मुके, चहा टाकलास का?” नवरा मुद्दाम साडेसहाला विचारायचा आणि तिने मान हलवली की म्हणायचा, “देव बहिरा आहे वाटतं, एवढी शांतता लागते त्याला.”

पोरीने मात्र त्या तासाचा खेळ केला होता. रांगायची तेव्हापासून तिला कळलेलं, या वेळी आई बोलत नाही. मग ती पलंगाच्या लाकडावर बोटाने एक टिचकी मारायची. म्हणजे, आहेस? आई स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन मारायची. आहे. असं तासभर चालायचं. दात घासताना, वेणी घालताना, दप्तर भरताना. टक. टक टक. पोरगी इतकी इवलीशी होती की नाव शाळेच्या दाखल्यापुरतं राहिलं आणि घरात ती पिटुकलीच झाली. तिची टिचकीही तेवढीच इवलीशी.

आता खोलीत पलंग होता, पलंगाच्या उशाशी घडी केलेला निळा फ्रॉक होता, आणि पिटुकलीला जाऊन एक्केचाळीस दिवस झाले होते. बाई टेबलाशी बसून लिहीत होती.

‘मुद्दा एक. आमचा विवाह नऊ वर्षांपूर्वी नोंदणी पद्धतीने झाला. दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. मुद्दा दोन. मुलीचा जन्म पुढच्या वर्षाच्या शेवटी झाला. आज ती सात वर्षं चार महिन्यांची आहे.’

टक.

तिने मान वर केली. लेखणी खाली ठेवली, उठली, पलंगाजवळ गेली. हात पलंगाच्या लाकडावर ठेवला. गार होतं. भिंतीतल्या नळात वरच्या मजल्यावरचं पाणी उतरत होतं. पाइप तापला की असाच वाजायचा. इतकी वर्षं वाजतच असणार. तेव्हा ऐकायला वेळ कुणाला होता!

ती परत टेबलाशी आली. लिहिण्याआधी तिने टेबलावर दोन टिचक्या मारल्या. आपण हे का केलं याचा विचार करायला ती थांबली नाही.

‘मुद्दा सात. शाळेच्या ने-आण नोंदवहीत गेल्या दोन वर्षांत तीनशे एकोणनव्वद वेळा माझी सही आहे, वडिलांची सहा. सहावी सही ज्या दिवशी ते मुलीला घेऊन गेले त्या दिवसाची, दुपारी साडेबाराची. शाळेने मला कळवलं नाही; नेणारे वडीलच असल्याने कळवण्याची गरज वाटली नाही. मी तीन वाजता फाटकाशी गेले. शिपाईबाई म्हणाल्या, ती तर गेली.’

‘मुद्दा आठ. त्याच दिवशी सायंकाळी त्यांचा निरोप आला: “आता बस देवाशी बोलत.” निरोपाची प्रत सोबत. त्यानंतर फोन उचललेला नाही.’

‘मुद्दा अकरा. जिन्यातली घटना. तारीख मला नक्की आठवते, कारण त्या दिवशी शाळेत गोष्ट सांगण्याची स्पर्धा होती आणि ती गेली नाही. मला त्या दिवशी धुलाईघरात सातलाच बोलावलं होतं; मी सव्वाआठला परत आले. मी दार वाजवलं, उघडलं नाही. मी तिच्यासोबत पायरीवर बसले. ही गोष्ट मी पाहिलेली आहे. माझ्या येण्याआधीचा वेळ त्यांनीच सांगितला.’

असं एकेक लिहिताना तिला वाटलं होतं जीभ विटाळेल. तसं झालं नाही. उलट सुई सरळ चालावी तशी लेखणी चालली. तेराव्या मुद्द्यापर्यंत ती तीन सकाळींत पोचली. चौदाचा आकडा घातला आणि पुढे चार सकाळी तो आकडा तसाच राहिला.

*

पाचव्या दिवशी तिने मोठ्या जाऊबाईंना फोन केला. पिटुकली त्यांच्याच घरी होती. दिरांना कळू नये म्हणून जाऊबाई न्हाणीघरात जाऊन बोलायच्या. मागे बादलीत पाणी पडत असायचं.

“पोरगी कशी आहे?”

“खाते, झोपते. शाळेत घातलंय इथल्या. पण अगं, बोलत नाही गं फारशी. सकाळची तर मुळीच नाही.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“म्हणजे?”

“म्हणजे सातपर्यंत तोंड उघडत नाही. भाऊजी ओरडतात, ‘आईवर गेलीस का मुके?’ ती आपली बघत बसते.” पाण्याचा आवाज मोठा झाला. “ते कागदाचं काय म्हणत होतीस? मी लिहून देईन हो, जिन्याचं मला भाऊजींनीच हसत हसत सांगितलं होतं. ह्यांना काय वाटायचं ते वाटो.”

“वहिनी, पोळल्याचं लिहायचंय.”

जाऊबाईंनी नळ आणखी सोडला.

“ते कशाला उकरतेस? बरं, विचारलंच, तर म्हणावं घाबरून दातखीळ बसली. आईच ती, बसू शकते दातखीळ. तुझ्या घशात डोकावून बघायला कोण आलं होतं?”

दातखीळ. किती सोपा शब्द. दिवसभर धुलाईघरात ती तो शब्द तोंडात घोळवत होती. वाफेने भरलेल्या त्या लांबट खोलीत यंत्रांचा असा घरघराट चालायचा की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसे. सगळ्याजणी हातवारे करून बोलायच्या आणि ती म्हणे सगळ्यात चांगलं बोलायची. बाजूची शिवणारी तिला कोपराने ढोसून म्हणाली, “ताई, ती चादर दोनदा शिवलीस. आता त्यात शिरायला पेशंट भूत पाहिजे.” ती हसली, आणि दुहेरी टाका उसवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सहाला तिने लिहिलं.

‘मुद्दा चौदा. मुलगी पाच वर्षांची असताना, सकाळी सुमारे सहा वीसला, तिने खुर्चीवर चढून ओट्यावरचं उकळतं पाणी अंगावर ओढलं. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत पोळला. मी चार पावलांवर होते. मी तिला उचललं आणि हात वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरला. रुग्णालयात काम केल्याने हे मला माहीत होतं. मग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून दवाखान्यात नेलं. या सगळ्या वेळात मी एक शब्दही बोलले नाही. ती ओरडत होती, “आई बोल ना, आई बोल ना.” वडील दारात उभे होते. दवाखान्याच्या कागदावर हकीकत वडिलांनी सांगितल्याची नोंद आहे: “आई हजर, पण तिने हाकही मारली नाही.” ती नोंद खरी आहे. मी घाबरले नव्हते. माझं मौन होतं.’

इथे तिने थांबून घड्याळ पाहिलं. साडेसहा.

‘मौनाचं कारण मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलगी दिवस भरायच्या आत जन्मली. जन्मल्यावर ती रडली नाही. नर्सने उलटी धरली, थोपटली, नळी घातली, तरी नाही. मी टेबलावर पडून देवाला म्हटलं, हिला आवाज दे, मी माझा देते, रोज एक तास. त्यानंतर ती रडली. म्हणून त्या सकाळी मला वाटलं, मी बोलले तर तिचं ओरडणं थांबेल. कायमचं थांबेल. हे मला खरंच वाटलं. आज हे लिहिताना, ते चूक होतं की बरोबर, मला कळत नाही. पण त्या सकाळी तिने माझ्याकडे हात मागितला नव्हता, आवाज मागितला होता, एवढं मला कळतं.’

भिंतीत नळ वाजला. या वेळी ती उठली नाही.

*

वकीलबाईंनी सगळं पत्र वाचलं. चौदावा मुद्दा परत वाचला. मग दवाखान्याचा पिवळट कागद प्रकाशात धरला.

“हा कागद नवऱ्याकडेही असणार.”

“त्यांच्याचकडे होता. मी दवाखान्यातून प्रत काढून आणली.”

“मग हा त्यांचा हुकमाचा एक्का होता. आता आपणच टेबलावर उताणा टाकू.” त्या टायपिस्ट काकांकडे वळल्या. “काका, मी अर्जाची भाषा सांगते तसं घ्या. चौदाव्याला मात्र हात लावू नका. बाईंचं आहे तसंच.”

“हात कसला लावतो,” काका म्हणाले. त्यांनी दुसऱ्यांदा नाक शिंकरलं. “या पंख्याची धूळ हो. साफच करत नाही कुणी.”

पत्रातून अर्ज झाला, मुख्य ताब्याचा एक, आणि निकाल लागेपर्यंत भेट व फोन मिळावा म्हणून अंतरिम दुसरा. मागे पुराव्यांची यादी: विवाहाचा दाखला, जन्माचा, शाळेच्या नोंदवहीची प्रत, लसीकरणाचं कार्ड, निरोपांची छापील पानं, पोळल्याचा कागद. प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी अधिकाऱ्याने सवयीने विचारलं, “यातला मजकूर खरा आहे, हे शपथेवर सांगता?”

“सांगते,” ती म्हणाली. अधिकाऱ्याने कानाला हात लावला, तेव्हा पुन्हा, जरा मोठ्याने.

या सगळ्याची एक प्रत नवऱ्याला जाणार होती. तिला ते माहीत होतं. जी गोष्ट तिने सात वर्षं देवाखेरीज कुणाला सांगितली नाही, ती आता तो पाकीट फोडून, बहुधा उभ्याउभ्याच, वाचणार होता.

*

सुनावणी अकरा मिनिटं चालली. ती लाकडी बाकावर बसली होती. तो पलीकडच्या बाकावर, इस्त्रीच्या शर्टात. त्याच्या वकिलांनी ‘धार्मिक वेड’ हा शब्द तीनदा वापरला. न्यायाधीशबाईंनी अर्जाची पानं मागेपुढे केली आणि एका पानावर बराच वेळ थांबल्या.

“हे वेड यांनी स्वतःच लिहून दिलंय,” त्या म्हणाल्या. “सत्तेचाळीस मिनिटांबद्दल तुमच्या अशिलाचं काय म्हणणं आहे?”

“ते... शिस्तीचा भाग, बाईसाहेब.”

“अस्सं.”

हुकूम असा झाला: समुपदेशक मुलीला भेटून सहा आठवड्यांत अहवाल देतील, तोवर मुलगी आहे तिथे राहील, शाळेचं सत्र मोडू नये म्हणून, दर रविवारी आईला चार तास भेट, न्यायालयाच्या बालकक्षात, आणि रोज दहा मिनिटं फोन.

“फोनची वेळ?”

नवरा पुढे वाकून वकिलांच्या कानात बोलला. वकील उभे राहिले. “सकाळी साडेसहा ते सहा चाळीस, बाईसाहेब. सात वाजता मुलीची बस असते. संध्याकाळी शिकवणी, मग जेवण, झोप. हीच वेळ सोयीची.”

वकीलबाई ताडकन उठल्या. “बाईसाहेब, माझी हरकत आहे. अर्जदाराच्या—”

काळ्या कोटाची बाही कुणीतरी खाली ओढली.

“राहू दे, मॅडम.”

“अहो, ती तुमची मौनाची वेळ,” वकीलबाई दात आवळून कुजबुजल्या. “मुद्दाम तीच काढलीय त्याने. तुम्ही बोलणार नाही, मग महिन्याने तो येऊन सांगेल, आईला बोलायचंच नसतं. मी संध्याकाळ मिळवून देते, पाच मिनिटं द्या मला.”

“ती सकाळची बोलत नाही,” बाई म्हणाली. “वहिनी म्हणाल्या. सकाळचाच फोन पाहिजे.”

वकीलबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाल्या, “हरकत मागे घेते.”

पलीकडच्या बाकावर नवरा हसला नाही. तो तिच्याकडे बघत होता. काहीतरी हिशेबात चुकलंय, पण काय ते कळत नाही, असा.

*

दुसऱ्या दिवशी ती पाचला उठली. अंघोळ केली. सहाला डोळे मिटून बसली, नेहमीसारखी, पण देवाशी रोजचं काही म्हटलं नाही. साडेसहाला दोन मिनिटं असताना फोन टेबलावर ठेवला, समोर बसली. सात वर्षांपूर्वीचं ते टेबल, नर्सच्या हातात उलटं लोंबणारं ते जांभळं मूल, आणि ती शांतता, सगळं खोलीत येऊन उभं राहिलं होतं. आपण दिलेलं परत घेतलं, तर देव काय करतो?

फोन वाजला. तिने उचलला.

पलीकडे काही नव्हतं. श्वासही नाही. दूर कुठेतरी भांडं सरकल्याचा आवाज, आणि पुन्हा काही नाही. देवा, घेतलास.

टक.

फोनच्या पाठीवर नखाने मारलेली, इवलीशी.

तिचं बोट आपसूक टेबलाकडे गेलं, दोन टिचक्या मारायला. टेबलाच्या वर बोटभर अंतरावर ते थांबलं.

“आहे,” ती म्हणाली. आवाज खरखरीत निघाला. “आहे गं मी पिटुकले. बोल.”

पलीकडून मग अगदी हळू, दटावल्यासारखं, कुणी ऐकू नये अशा बेताने:

“आई! अजून सात नाही वाजले.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“मग काही नाही. तू बोल. हात दुखतो का अजून थंडीत?”

“नाही. थोडासा.” मग आणखी हळू: “आई, मी पण नव्हते बोलत. तुझ्यासारखी. म्हणजे तुला तिकडे एकटं वाटायला नको.”

तिने डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर फोन हलला असता. ती बोलत राहिली. निळ्या फ्रॉकची उसवलेली शिवण, वरच्या मजल्यावरचा नळ, धुलाईघरातली दोनदा शिवलेली चादर आणि तिच्यात शिरणारं भूत. पलीकडून हसू आलं, आधी दाबलेलं, मग मोकळं, मोठ्याने. मागून एका पुरुषाचा आवाज आला, “झाली दहा मिनिटं,” आणि फोन बंद झाला.

घड्याळात सहा चाळीस झाले होते.

तिने फोन टेबलावर उताणा ठेवला, त्याची कड टेबलाच्या कडेशी जुळवली. तासातली वीस मिनिटं अजून उरली होती. ती ओठ मिटून, हात मांडीवर घेऊन बसून राहिली, सात वाजेपर्यंत.